सेल नसलेले क्वार्ट्झ घड्याळ

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग सैल होत जाते आणि तिच्या जोरावर दातेरी चाके फिरतात. चाके मोकळी सोडली तर हा जोर थोड्याच वेळात संपून जाईल. म्हणून शेवटी बॅलन्स व्हील बसवलेले असते. ते मागे-पुढे झुलते आणि दर झोक्याला एस्केपमेंटचा एकेक दाता सुटतो. टिकटिक ऐकू येते ती याचीच. मात्र घड्याळ आडवे आहे की उभे, हवा गरम आहे की थंड, तेल ताजे आहे की सुकलेले, यावर झोक्याची लय बदलते. त्यामुळे चांगले घड्याळही दिवसाला काही सेकंद मागे-पुढे होते. क्वार्ट्झ घड्याळात लय राखतो तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा स्फटिक. तो अचूक असतो, पण तिथे काटे हलवते ती सेलवरची छोटी मोटर.

जपानमध्ये सुवा येथील सेकोच्या कारखान्यातील अभियंता योशिकाझू अकाहाने यांनी 1977 मध्ये या दोन्हींचा मेळ घालायचे ठरवले. त्यातून आलेल्या ‘स्प्रिंग ड्राइव्ह’मध्ये काटे स्प्रिंगच्याच जोरावर फिरतात. बॅलन्स व्हीलच्या जागी मात्र ‘ग्लाइड व्हील’ नावाचे चक्र असते. त्याला चुंबक जोडलेला असतो आणि तो फिरला की सायकलच्या डायनॅमोप्रमाणे शेजारच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. ही वीज अगदी किंचित असली, तरी स्फटिक आणि आयसी चालवायला तेवढी पुरते.

चक्राने सेकंदाला नेमके 8 फेरे घ्यायचे असतात. आयसी हे फेरे स्फटिकाच्या कंपनांशी सतत ताडून पाहते. चक्र पुढे जाऊ लागले की ती वेटोळ्यांचे परिपथ क्षणभर जोडते. त्यांतून वाहणारा प्रवाह चुंबकाला विरोध करतो आणि चक्र मंदावते. ब्रेक लावला जातो, पण कशाचा कशाला स्पर्श होत नाही. मागे पडलेल्या चक्राला पुढे ढकलण्याची सोय इथे नाही. त्यामुळे स्प्रिंगचा जोर नेहमी गरजेपेक्षा थोडा जास्तच असावा लागतो.

खरी अडचण विजेची होती. सुरुवातीच्या आयसी इतकी वीज खात की स्प्रिंग लवकर उतरे. हा खर्च सुमारे 25 नॅनोवॉटपर्यंत खाली आला, तेव्हा कुठे 1999 मध्ये घड्याळ बाजारात आले. पुढे 2004 मध्ये स्वयंचलित ‘9आर65’ यंत्र आले. पूर्ण चावी भरल्यावर ते 72 तास चालते आणि त्याची चूक महिन्याला 15 सेकंदांच्या आत राहते.

सेकोच्याच ‘कायनेटिक’शी याची गल्लत होते. कायनेटिकमध्ये मनगटाच्या हालचालीने वीज साठवली जाते, पण काटे मोटरच हलवते. म्हणजे ते शेवटी क्वार्ट्झच. स्प्रिंग ड्राइव्हमध्ये काट्यांसाठी मोटर नाही. ओळखायचे असेल तर सेकंद काटा पाहावा. तो न थांबता, न अडखळता सरकतो, आणि घड्याळ कानाला लावले तरी टिकटिक ऐकू येत नाही.

चावी संपली की वीजही संपते आणि स्फटिक थांबतो, त्यामुळे पुन्हा वेळ लावावी लागते. दुरुस्तीचे मात्र अवघड आहे. चाके आणि स्प्रिंग कसलेल्या कारागिराला ओळखीची असतात, पण आयसी किंवा वेटोळे बिघडले तर सुटा भाग कंपनीकडूनच मिळवावा लागतो.