ताडपत्री काट्यावर ठेवली तर

कोल्हापूरहून साखर भरून गोव्याला निघालेला ट्रक जुलैत आंबोली घाट उतरतो, तेव्हा पाऊस नुसता वरून पडत नाही. तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, दोरखंडाखाली शिरतो, फाळक्याच्या कडेनं आत झिरपतो. पोत्यांची वरची थप्पी भिजली की मालकानं नुकसान सोसायचं की ट्रकवाल्यानं, यावर उतरवताना वाद होतो. त्या वादाचं मूळ बहुतेक वेळा दुकानात असतं. गिऱ्हाईक म्हणतं, “पाणी गळणार नाही अशी द्या,” आणि दुकानदार विचारतो, “किती जीएसएमची?”

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. एवढंच. ते ताकदीचं माप नाही, पाणी अडवण्याचंही नाही. पण ते तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, दुकानातला काटा पुरतो.

साखरेच्या त्या ट्रकचाच हिशोब करू. माल २० फूट लांब, ७ फूट रुंद आणि फाळक्याच्या वर ३ फूट चढलेला आहे. ताडपत्री माल झाकून फाळक्याखाली आणखी दीड फूट उतरली पाहिजे, नाहीतर ओघळणारं पाणी थेट सांध्यात जातं. म्हणजे प्रत्येक बाजूला साडेचार फूट जादा. रुंदी झाली १६, लांबी २९. बाजारात १८ बाय ३० मिळते, ती घ्यावी. तिचं क्षेत्रफळ ५४० चौरस फूट, म्हणजे साधारण ५० चौरस मीटर. त्यावर लेबल २०० जीएसएमचं असेल, तर ती १० किलो भरली पाहिजे. काट्यावर साडेसात किलो दिसली, तर हातात २०० नाही, १५० जीएसएम आहे. दुमडलेल्या कडा आणि आतली दोरी यांचं वजन त्यातच धरलेलं असतं, तेव्हा कापड प्रत्यक्षात आणखी हलकं. टेपही लावावी. काही ठिकाणी माप कापलेल्या कापडाचं सांगतात आणि कडा दुमडल्यावर ते अर्धा फूट कमी भरतं.

वजन बरोबर भरलं तरी शंका उरते: हे वजन कशाचं?

नेहमीची निळी-पिवळी ताडपत्री पॉलिथिनच्या चपट्या पट्ट्या विणून केलेली असते. विणीला भोकं असतात, म्हणून दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचा पातळ थर चढवतात. ओढ सोसते ती वीण, पाणी अडवतो तो थर. स्वस्तात वजन वाढवायचं असेल तर पॉलिथिनमध्ये खडूच्या भुकटीसारखं कॅल्शियम कार्बोनेट मिसळतात. भुकटी जड असते, पण ओढ सोसत नाही. हे ओळखायला घरगुती युक्ती आहे. कडेचा छोटा तुकडा बादलीत बुडवून बोटांनी चोळायचा, म्हणजे विणीत अडकलेली हवा निघून जाईल. निव्वळ पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. भुकटीचं प्रमाण वजनाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे गेलं, की तुकडा तळाशी बसू लागतो. (पीव्हीसीची ताडपत्री मात्र मुळातच बुडते, तिला ही परीक्षा लावू नये.)

थर तपासायला दुकानाबाहेरचं ऊन पुरतं. ताडपत्री उन्हासमोर धरली की सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात, तिथून पाणी येणार. मग एक कोपरा नखानं खरवडायचा. थर पापुद्र्यासारखा सुटून आला, तर पहिल्याच घाटात दोरखंड तो सोलून काढणार.

आता ट्रकला कोणती? इथे पाण्यापेक्षा घासणं आणि वारा हे मोठे शत्रू. ताशी ८० किलोमीटर वेगानं समोरून येणारी हवा चौरस मीटरमागे सुमारे ३० किलोंचा दाब देते. वेग निम्मा केला, तर दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. सैल राहिलेला भाग या हवेत फडफडतो आणि दर फडफडीला फाळक्याच्या पत्र्यावर एकाच जागी आपटतो. विणलेलं पॉलिथिन ओढ बरी सोसतं. पण त्याचा थर पातळ असल्यामुळे असं घासणं त्याला फार दिवस पेलत नाही. म्हणून रोज माल वाहणारे पीव्हीसी चढवलेली पॉलिएस्टरची ताडपत्री घेतात, साधारण साडेपाचशे ते सातशे जीएसएमची. तिच्यात आतलं पॉलिएस्टर ओढ घेतं आणि वजनाचा मोठा वाटा असलेलं पीव्हीसी घासणं अंगावर घेतं. वर्षाकाठी दोन-चार फेऱ्या करणाऱ्याला एवढ्या खर्चाची गरज नाही.

भारी ताडपत्रीचा त्रास क्लीनरला विचारावा. आपली १८ बाय ३० साडेसहाशे जीएसएमची घेतली, तर बत्तीस किलोंच्या वर जाते आणि ती पावसात थप्पीवर चढवायची असते. काही जण म्हणून दोन तुकडे वापरतात. तेव्हा आधी मागचा तुकडा टाकायचा आणि पुढचा त्याच्यावर चढवायचा. उलट केलं, तर सांध्याचं तोंड पुढे उघडतं आणि ट्रक पळताना हवा आणि पाणी दोन्ही आत ओढून घेतो. फाळक्याच्या कोपऱ्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा गोणपाटाची घडी ठेवली, की तिथं भोक पडायला बराच वेळ लागतो.

छपराचं गणित वेगळं. शेतावर ठेवलेलं बियाणं, घराच्या कामातली वाळू-सिमेंट, कोकणातल्या पडवीपुढचा पावसाळी आडोसा, या जागी ताडपत्री हलत नाही, पण महिनोन्‌महिने उघड्यावर राहते. इथे तिला ऊन मारतं. सूर्याच्या अतिनील किरणांनी पॉलिथिन ठिसूळ होतं आणि पट्ट्यांचे तुकडे पडू लागतात. म्हणून छपरासाठी जीएसएमच्या आधी यूव्ही संरक्षक मिसळलाय का हे विचारावं. जीएसएमचा आकडा मोठा असूनही संरक्षक नसलेली ताडपत्री उन्हाळा संपेपर्यंत बोटानं भोक पडेल इतकी कुजकट होऊ शकते. मोजक्या महिन्यांसाठी संरक्षकासह १५० ते २०० जीएसएम पुरते.

तरीही छप्पर बहुतेकदा फाटतं ते पाण्याच्या डबक्यानं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल डबकं साठलं, तर ते शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. त्या ओझ्यानं ताडपत्री आणखी झुकते, आणखी पाणी येतं आणि शेवटी कडेची एखादी कडी उपटून निघते. तिथं पाचशे जीएसएमचीही डाळ शिजत नाही. उतार दर तीन-चार फुटांमागे निदान एक फूट ठेवायचा आणि खाली बांबूच्या आडव्या-उभ्या पट्ट्या जवळजवळ बांधायच्या, म्हणजे मध्ये खळगा पडत नाही. ताडपत्री फक्त कड्यांना दोरी लावून न ताणता कडेवरून लाकडी पट्टी दाबून ठोकली, तर ओढ सगळ्या कडेवर वाटली जाते.

भोक पडलंच, तर पंक्चरचं सोल्यूशन पॉलिथिनवर धरत नाही, वाळलं की तुकडा सालपटासारखा उतरतो. त्याला ताडपत्रीच्या खास चिकटपट्टीचा तुकडा दोन्ही बाजूंनी लावावा लागतो, तोही जागा कोरडी असताना. पीव्हीसीला मात्र गरम हवेनं ठिगळ चिकटवता येतं. साखरेच्या ट्रकवर भोकं पडून निवृत्त झालेली ताडपत्री कापली, तर बरे राहिलेले तुकडे जळणाच्या लाकडांवर अजून दोन-तीन पावसाळे काढतात.