साठ हजारांवर वीस हजार का मिळत नाहीत?

पोस्टाच्या आरडीवर मराठीत आठ स्लाइड करायच्या होत्या. फोनवर बोटाने सरकवत वाचायच्या, ज्याला आता सगळे कॅरॉसल म्हणतात, तशा. योजना साधी आहे: महिन्याला किमान १०० रुपये, त्यापुढे दहाच्या पटीत कितीही, पाच वर्षं, साठ हप्ते. त्यामुळे काम एका संध्याकाळचं वाटलं आणि पहिला मसुदा तेवढ्यात झालाही. तो मी शेजारच्या काकूंना दाखवला. त्यांच्या मुलीला नुकतीच पहिली नोकरी लागली होती आणि दरमहा हजार रुपये बाजूला टाकायचं घरात चाललं होतं.

काकूंनी पहिल्या तीन स्लाइड भराभर सरकवल्या. चौथीवर थांबल्या. तिथे लिहिलं होतं: ‘भरणा ६०,०००. व्याजदर ६.७ टक्के. मुदतीअंती ७१,३६६.’ त्यांनी तोंडीच हिशेब मांडला. “साठ हजारांचे सहा पूर्णांक सात टक्के म्हणजे वर्षाला चार हजार वीस. पाच वर्षांचे वीस हजार शंभर. मग ८०,१०० हवेत ना? मधले आठ-नऊ हजार कोण खातं?”

माझा आकडा बरोबर होता, आणि स्लाइड चूक होती. ज्याने आधी कुठेच पैसे गुंतवलेले नाहीत, तो हा गुणाकार करणारच. त्याला उत्तर न देता पुढचा आकडा छापला की त्याला फसवणुकीचा वास येतो आणि बोट तिथेच थांबतं. मग मी सगळी मालिका मोडली आणि त्या एका प्रश्नाभोवती पुन्हा रचली.

नव्या तिसऱ्या स्लाइडवर काकूंचाच हिशेब मोठ्या अक्षरांत आहे, ८०,१०० सकट, आणि खाली फक्त एक ओळ: ‘हे का चुकतं?’ उत्तर चौथ्या स्लाइडवर. साठ हजार रुपये पहिल्या दिवसापासून पोस्टात नसतातच. पहिला हजार साठ महिने राहतो, शेवटचा हजार फक्त एक महिना. हे वाक्यात सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि विसरतात, म्हणून मी ते मापात काढलं. स्लाइडची रुंदी १०८० पिक्सेल. दोन्ही बाजूंना ९० सोडले की ९०० उरतात, म्हणजे एका महिन्याला बरोबर १५ पिक्सेल. पहिल्या हप्त्याची पट्टी पूर्ण ९०० ची. एकतिसावा हप्ता तीस महिने राहतो, त्याची ४५०. साठाव्या हप्त्याची १५, जेमतेम ठिपका. प्रत्येक पट्टीच्या टोकाला त्या हजारावर मिळणारं व्याज: ३९४ रुपये, १८१ रुपये, साडेपाच रुपये.

काकूंनी तो ठिपका पाहिला आणि म्हणाल्या, “म्हणजे शेवटचा हजार नुसता तोंड दाखवून जातो.” स्लाइड लागू पडली हे मला तेव्हा कळलं. सरासरी काढली तर प्रत्येक हजार साडेतीस महिने राहतो, साठ नाही. त्यामुळे वीस हजारांच्या जागी साधारण निम्मं व्याज येतं. ११,३६६ पैकी दहा हजारांहून थोडं जास्त एवढ्याच कारणाने समजतं. उरलेले साडेअकराशेच्या आसपास रुपये तिमाही चक्रवाढीचे.

चक्रवाढीची वेगळी स्लाइड मी काढून टाकली, याबद्दल ज्याने काम दिलं त्याच्याशी थोडा वाद झाला. बचतीच्या प्रत्येक जाहिरातीत चक्रवाढीचं झाड वाढत असतं. पण आरडीच्या पाच वर्षांत ते झाड कुंडीएवढंच राहतं. गोंधळ नऊ हजारांचा असताना साडेअकराशेवर एक अख्खी स्लाइड खर्च करणं मला पटलं नाही. पाचवीवर ‘व्याज दर तीन महिन्यांनी मुदलात मिळवतात’ एवढं एक वाक्य ठेवलं.

मराठी अक्षरांची अडचण वेगळीच असते. इंग्रजीच्या साच्यात मजकूर ओतला की ओळींमधलं अंतर कमी पडतं आणि ‘पूर्ण’मधला ऊकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. मी ओळींचं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवतो आणि ४४ पिक्सेलहून लहान अक्षर वापरत नाही. फोनवर ही स्लाइड जेमतेम सात सेंटिमीटर रुंद दिसते. आकड्यांवर मात्र मी मागे आलो. देवनागरी १ आणि ९ लहान आकारात एकमेकांसारखे दिसतात, आणि पासबुकावर आकडे इंग्रजी छापलेले असतात. म्हणून स्लाइडवर रकमा पासबुकासारख्याच ठेवल्या. ती हातात घेऊन खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला दोन्हींची गाठ घालता यायला हवी.

आणखी एक. आपल्याकडे आरडीचे हप्ते बऱ्याच घरांत अल्पबचतीच्या एजंट बाई गोळा करतात, आणि स्लाइड त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर सुट्या सुट्या फिरतात. चौथी पोचते, तिसरी पोचत नाही. म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यात ‘४/८’ असा क्रमांक आणि वर ‘पोस्टाची आरडी, महिना १,०००’ ही पट्टी ठेवली, म्हणजे ती एकटी पडली तरी तिचा अर्थ लागावा.

सहावी आणि सातवी या न आवडणाऱ्या स्लाइड. हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे हजाराच्या हप्त्याला दहा. चार हप्ते चुकले तर खातं बंद पडतं, आणि ते पुन्हा चालू करायला दोन महिने मिळतात. सातवी त्याहून कडू: खातं तीन वर्षांनंतर मोडता येतं, पण मुदतीच्या एक दिवस आधी मोडलं तरी सगळ्या रकमेवर बचत खात्याचाच दर लागतो, चार टक्के. आमच्या उदाहरणात अगदी शेवटी मोडलं तरी ११,३६६ चे सहा-साडेसहा हजारांवर येतात. हे शेवटच्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत टाका, असं मला सुचवलं गेलं. मी ते चौथ्या स्लाइडच्याच पट्टीने काढलं, एक लांब आणि शेजारी तिच्या निम्मीहून थोडी मोठी. आणि खाली वाट दाखवली: बारा हप्ते नियमित भरले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. अडचण दोन महिन्यांची असेल तर मोडण्याआधी ते विचारा.

आठवीवर आधार, पॅन, फोटो आणि एक तारीख. महिन्याच्या पंधरापर्यंत खातं उघडलं तर दरमहा पंधरापर्यंत हप्ता भरायचा, नंतर उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत. कोणत्या आठवड्यात उघडायचं हे पगाराच्या दिवसावरून ठरवलं की दंडाचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो.

दर मात्र सरकार दर तिमाहीला तपासतं. ६.७ टक्के हा ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेला आहे. खातं उघडताना जो दर असेल तो त्या खात्याला पाचही वर्षं राहतो, पण स्लाइड वर्षानुवर्षं फिरत राहतात. म्हणून दराशेजारी तारीख नसलेली स्लाइड हाती आली तर ती पुढे पाठवू नका, आधी पोस्टात दर विचारा.