रात्री अकराची पाळी, सकाळी साडेसातला

भोसरीतला एखादा सुटे भाग बनवणारा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तीन पाळ्या : सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. सुट्टी गुरुवारी. पूर्वी पाळी बदलली की टाइमकीपर हजेरीच्या वहीत नवं पान उघडायचा. आता ते पान संगणक उघडतो. चालू पाळी बंद करायची, नवीन पाळीची नोंद करायची, भोंगा वाजवायचा आणि सुपरवायझरला मेसेज पाठवायचा, एवढं काम एक छोटा प्रोग्राम करतो. त्याला ठरल्या वेळी उठवण्याचं काम ‘क्रॉन’चं. युनिक्सच्या जगात क्रॉन १९७० च्या दशकापासून आहे, आणि पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या आवृत्तीचे वंशज आजही असंख्य लिनक्स सर्व्हरांवर चालतात.

क्रॉनला वेळ सांगायची ती एका ओळीत :

```
0 7,15,23 * * 0-3,5,6 /opt/shift/start.sh
```

पहिला आकडा मिनिटाचा, दुसरा तासाचा, मग महिन्यातली तारीख, महिना आणि शेवटी वार. फुलीचा अर्थ ‘कुठलाही’. रविवार शून्य धरतात, म्हणून गुरुवारचा चार इथे वगळला आहे. एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्यावी. सर्व्हरचं घड्याळ पुष्कळदा भारतीय वेळेवर नसतं, यूटीसीवर असतं, म्हणजे साडेपाच तास मागे. तशा सर्व्हरवर वरची ओळ जशीच्या तशी घातली, तर सकाळची पाळी दुपारी साडेबाराला उघडेल. तिथे `30 1,9,17` असं लिहावं लागतं.

क्रॉनची पद्धत अगदी साधी आहे. दर मिनिटाला तो जागा होतो, सगळ्या ओळी वाचतो, या मिनिटाशी जुळणारं काम सुरू करतो आणि पुन्हा झोपतो. काल काय केलं, याची तो कुठेही नोंद ठेवत नाही. सर्व्हर बंद असताना अकरा वाजून गेले, तर क्रॉनच्या लेखी ते अकरा कधी वाजलेच नाहीत. त्यामुळे ‘काम राहिलं’ अशी तक्रारही तो करत नाही. ही क्रॉनची चूक नव्हे, त्याची घडणच तशी आहे.

समजा, मंगळवारी रात्री १०.४० ला वीज गेली, यूपीएस संपला आणि सर्व्हर बुधवारी सकाळी ७.२५ ला परत उठला. मधल्या वेळात रात्री अकरा आणि सकाळी सात, अशा दोन पाळ्या चुकल्या. संगणकाच्या नोंदीत मंगळवारची दुपारची पाळी अजून चालूच आहे. दारावरचं अंगठ्याचं हजेरी यंत्र बॅटरीवर चालत राहिलं आणि त्याने सगळे ठसे स्वतःच्या पोटात साठवून ठेवले. सर्व्हर उठताच ते ठसे त्याच्याकडे येतात आणि ‘चालू’ पाळीला जोडले जातात. रात्रपाळीचा कामगार १०.५० ला वेळेवर आला होता. कागदावर तो तीनच्या पाळीला जवळपास आठ तास उशिरा आलेला दिसतो. त्याचा पगार कापला जाण्याच्या वाटेवर आहे, आणि कुठेही लाल दिवा लागलेला नाही.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो सर्व्हर उठल्यावर `start.sh` हाताने चालवण्याचा. पण हा प्रोग्राम ‘आत्ता किती वाजले?’ असं विचारतो. तो सकाळची पाळी ७.२५ ला सुरू झाल्याचं लिहील आणि रात्रपाळी कायमची गाळेल. लिनक्सवरच्या तयार सोयीही इथे अपुऱ्या पडतात. अ‍ॅनाक्रॉन दिवसांत मोजतो, तासांत नाही. सिस्टमडीच्या टायमरला `Persistent=true` सांगितलं, तर चुकलेलं काम उठल्यावर तो करतो खरा, पण एकदाच. दोन पाळ्या चुकल्या काय आणि दहा काय, फेरी एकच.

म्हणून प्रश्नच बदलायला हवा. प्रोग्रामने ‘आत्ता किती वाजले?’ असं विचारू नये. ‘आतापर्यंत कोणत्या पाळ्या सुरू व्हायला हव्या होत्या, आणि त्यातल्या कोणाची नोंद नाही?’ असं विचारावं. क्रॉनकडे नसलेली आठवण नोंदवहीत असतेच, ती तिथून घ्यायची. मग क्रॉनला नेमक्या वेळा सांगण्याचीही गरज उरत नाही. पाळ्यांच्या वेळा आणि गुरुवारची सुट्टी प्रोग्रामच्या तक्त्यात जातात, आणि क्रॉन त्याला फक्त दर पाच मिनिटांनी उठवतो :

```
*/5 * * * * flock -n /run/lock/shift.lock /opt/shift/catchup.sh
```

बुधवारी ७.३० ला हा प्रोग्राम जागा होतो. शेवटची नोंद मंगळवार दुपारी तीनची. तक्ता सांगतो की त्यानंतर अकरा आणि सात वाजून गेले. तो जुन्यापासून क्रमाने जातो. दुपारची पाळी अकराला बंद. रात्रपाळी अकराला सुरू, सातला बंद, आणि तारीख मंगळवारचीच, कारण पाळी सुरू झालेल्या दिवसाची असते. मग सकाळची पाळी सातला सुरू. प्रत्येक नोंदीत दोन वेळा लिहायच्या : पाळीची खरी वेळ आणि नोंद केल्याची वेळ, ७.३०. ही दुसरी वेळ गाळू नये. महिन्याअखेरीस कोणी शंका काढली, तर ही नोंद मागाहून भरली आहे हे तीच सांगते. अंगठ्याचे ठसेही ते कधी पोचले यावर नव्हे, कधी उमटले यावर योग्य पाळीला जोडायचे. मग त्या कामगाराची हजेरी आपोआप जागेवर येते.

इतक्या वेळा चालणारा प्रोग्राम एकच पाळी दोनदा उघडणार नाही, याची खात्री हवी. `flock` मुळे आधीची फेरी संपेपर्यंत दुसरी सुरू होत नाही. पण खरं कुलूप डेटाबेसमध्ये लावायचं :

```
UNIQUE (shift_date, shift_no)
```

एका तारखेची एक पाळी एकदाच. मग प्रोग्राम शंभरदा चालला तरी बिघडत नाही.

सगळंच मात्र मागाहून भरून काढायचं नसतं. रात्री अकराचा भोंगा सकाळी साडेसातला वाजवणं चूकच. म्हणून नोंद करणं आणि इशारा देणं ही दोन कामं वेगळी ठेवावीत. पाळी सुरू होऊन दहा मिनिटं उलटली असतील, तर भोंगा नाही आणि मेसेजही नाही. यंत्रावरच्या उत्पादनाच्या आकड्याचं दुखणं आणखी वेगळं आहे. तो आकडा वाढतच जातो, आणि सकाळी सातला तो कोणी वाचलाच नाही. रात्रीचे नग किती आणि सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासाचे किती, हे संगणकाला सांगता येणार नाही. तिथे अंदाजाने आकडा भरू नये. रकाना रिकामा ठेवावा आणि सुपरवायझरच्या कागदी रजिस्टरमधून तो माणसाने भरावा.

आणखी एक धोका वीज परत येण्याच्या क्षणाचा. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपलेली असेल, तर सर्व्हर भलत्याच तारखेला उठतो आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत तसाच राहतो. तारीख मागची असेल तर प्रोग्रामला करण्यासारखं काहीच दिसत नाही. पुढची असेल तर न झालेल्या पाळ्या भराभर उघडल्या जातात. म्हणून प्रोग्रामने आधी `timedatectl` ला विचारावं, आणि `System clock synchronized: yes` दिसल्याशिवाय नोंदवहीला हात लावू नये. त्याच धर्तीवर एक मर्यादाही घालावी : नऊपेक्षा जास्त पाळ्या राहिलेल्या दिसल्या, तर स्वतः काही न करता थांबायचं आणि माणसाला कळवायचं.

राहिला प्रश्न कळण्याचा. बंद पडलेला सर्व्हर स्वतः बंद असल्याचं कळवू शकत नाही. क्रॉनचा लॉगही फक्त काम सुरू केल्याचं सांगतो, ते पार पडलं की नाही हे नाही. म्हणून दुसऱ्या एखाद्या यंत्राने, शक्यतो दुसऱ्या वीजजोडणीवरच्या, पाळी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी एवढंच पाहायचं : या पाळीची नोंद आहे का? नसेल तर मेंटेनन्सच्या माणसाला फोन. आपल्या मंगळवारी तो फोन रात्री ११.१० ला गेला असता, रात्रपाळीचे कामगार नुकतेच यंत्रांवर उभे राहिलेले असताना.