दूरस्थ दफ्तराचा कारभार : सामाईक तास कोणाच्या घड्याळाने?

हस्तांतराचे टिपण कसे लिहावे याची फोड या आठवड्यात करीन, असे मी मागील लेखाच्या अखेरीस म्हटले होते. परंतु मध्यंतरी कोथरूडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आणि त्यांनी विचारलेला प्रश्न असा मूलगामी निघाला की, टिपणास आणखी एक आठवडा तिष्ठत ठेवण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. त्यांच्या चमूतील पाचजण पुण्यात, दोघे बर्लिनमध्ये आणि तिघे न्यूयॉर्कमध्ये बसतात. सामाईक तासांचा ठराव त्यांनी गेल्या डिसेंबरात सर्वानुमते संमत करून घेतला : न्यूयॉर्कला सकाळी ९ ते ११, म्हणजे बर्लिनला दुपारी ३ ते ५, म्हणजे पुण्यास सायंकाळी साडेसात ते साडेनऊ. हिवाळाभर सर्व सुरळीत चालले. मार्चमधील एका सोमवारी मात्र बर्लिनचे दोघे तासभर उशिरा उगवले, पुण्यातील निम्मी मंडळी त्या वेळी घरच्या वाटेवर होती, आणि तीन आठवड्यांनी बर्लिनची घडी कोणी काही न करता आपोआप पूर्ववत बसली, पुण्याची मात्र बसली नाही. "वेळ निश्चित केली होती, मग ती सरकली कशी?" असे त्या विचारतात.

वेळ सरकली, कारण ती न्यूयॉर्कच्या घड्याळास बांधलेली होती आणि ते घड्याळच सरकते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी काटे एक तास पुढे करतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. युरोपात हाच विधी मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. आपल्याकडे तो होतच नाही. २०२६ सालापुरते बोलायचे तर अमेरिकेचे काटे ८ मार्चला पुढे जातात आणि युरोपचे २९ मार्चला, त्यामुळे मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क व बर्लिन यांच्यातील नेहमीचे सहा तासांचे अंतर पाचच तासांचे राहते. शरदात तोच प्रकार उलट क्रमाने, पण एकाच आठवड्यापुरता होतो : युरोप २५ ऑक्टोबरला मागे येतो आणि अमेरिका १ नोव्हेंबरला. म्हणून बर्लिनकरांना जो गोंधळ तात्पुरता वाटला तो पुणेकरांच्या वाट्यास कायमचा आला. त्यांची साडेसातची वेळ ८ मार्चपासून साडेसहावर आली आणि ती नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहणार.

आता याहून मार्मिक गोष्ट अशी की, न्यूयॉर्कचे घड्याळ प्रमाण मानावे असा ठराव त्या चमूने कधी केलाच नव्हता. कॅलेंडरात रोज पुनरावृत्त होणारी नोंद ज्याने प्रथम केली तो गृहस्थ न्यूयॉर्कचा होता, आणि अशी नोंद सामान्यतः ती करणाऱ्याच्या टाइमझोनला चिकटून राहते. त्यामुळे दहा माणसांच्या दिनचर्येचा निर्णय एका माणसाच्या संगणकातील `America/New_York` या अक्षरांनी, कोणास न विचारता, लावून टाकला. ज्या नगरीने १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही स्वतःची, ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ पुढे कित्येक दशके सोडली नाही, त्या नगरीच्या शेजाऱ्यांना तरी घड्याळ कोणाचे हा प्रश्न क्षुल्लक वाटू नये. मुंबईकरांची हरकत ३९ मिनिटांपुरती नव्हती. आपले घड्याळ परभारे दुसऱ्याने ठरवावे, ही त्यातली बोच होती.

माझी शिफारस अशी की, चमूतील एक जरी ठिकाण असे असेल की जिथले काटे वर्षभर हलत नाहीत, तर सामाईक तास त्या ठिकाणाच्या घड्याळास बांधावे आणि नोंदीत तसे स्पष्ट लिहावे. पुण्याच्या बाबतीत ते नाव `Asia/Kolkata` असे आहे. पत्रलेखिकेच्या चमूस मी पुण्याची सायंकाळ साडेसहा ते साडेआठ ही वेळ सुचवीन. उन्हाळ्यात ती न्यूयॉर्कला ९ ते ११ आणि बर्लिनला ३ ते ५ पडते. हिवाळ्यात न्यूयॉर्कला ८ ते १० आणि बर्लिनला २ ते ४. याचा लाभ असा की, ज्या गावाचे काटे हलतात त्याच गावाची वेळ हलते, ती त्या गावाच्या परिचयाच्या रविवारी हलते, आणि मार्चमधील ते तीन आठवडे कोणाच्याही खिजगणतीत येत नाहीत. शिवाय न्यूयॉर्कच्या घड्याळाने हिवाळ्यात पुण्याची सभा साडेनऊला संपते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे स्त्री-कर्मचाऱ्यांस त्यांच्या संमतीवाचून रात्री साडेनऊनंतर कामास लावता येत नाही, आणि जी सभा दहा मिनिटे लांबण्याचा संभव नेहमीच असतो ती त्या मर्यादेच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

यावर न्यूयॉर्ककर हरकत घेतील की, हिवाळ्यात आठ वाजता मुलांना शाळेत पोहोचवावयाचे असते, आणि ती हरकत रास्त आहे. तिचे निरसन वेळ हलवून करू नये, सवलत देऊन करावे. ठराव लिहिताना पुष्कळजण याच ठिकाणी चुकतात : एका माणसाची अडचण आली की ते सर्वांची वेळ बदलतात, मग दुसऱ्याची येते, आणि दोन महिन्यांत 'निश्चित' या शब्दास काही अर्थ उरत नाही. वेळ एकच व अचल ठेवावी, आणि मुभा द्यावयाची ती व्यक्तीस द्यावी, हे धोरण पत्करले की मसुदा बराच सोपा होतो.

मसुद्याच्या आरंभी कारण द्यावे, आणि ते एकच पण हिशेबासह द्यावे. पुण्यातील कोणी सकाळी ११ वाजता न्यूयॉर्कला एक प्रश्न लिहून ठेवतो. तिकडचा मनुष्य तो उन्हाळ्यातही पुण्याच्या साडेसहाच्या आधी वाचत नाही. वाचून त्यास एक प्रतिप्रश्न सुचतो, तो लिहीपर्यंत पुण्याचे दफ्तर सात वाजता बंद झालेले असते. प्रतिप्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाते आणि अंतिम निर्णय दुसऱ्या दिवशी सायंकाळी हाती येतो. समोरासमोर दहा मिनिटांत मिटणाऱ्या गोष्टीस अशा रीतीने सुमारे दीड दिवस लागतो, आणि एखादा प्रतिप्रश्न वाढला की आणखी एक दिवस. ज्या कामांत अशा फेऱ्या पडतच नाहीत, त्यांसाठी सामाईक तास मागू नयेत. एवढे प्रामाणिकपणे लिहिले म्हणजे वरिष्ठांनाही दोन तासांची मागणी अवास्तव वाटत नाही.

त्यानंतर सवलतींची कलमे. पहिले असे की, सामाईक तास सोमवार ते गुरुवार एवढेच. शुक्रवारची सायंकाळ पुणेकरांची, तिला हात लावू नये. दुसरे, या दोन तासांत उपलब्ध असणे बंधनकारक, सभेत बसणे नव्हे : सभा पहिल्या नव्हे तर मधल्या एका तासात, म्हणजे पुण्याच्या सात ते आठ या वेळेत लावाव्या, आणि उरलेल्या वेळी प्रश्न आल्यास पंधरा मिनिटांत उत्तर द्यावे एवढीच अपेक्षा ठेवावी. तिसरे, नोव्हेंबर ते मार्च या काळात पहिला अर्धा तास न्यूयॉर्ककरांस ऐच्छिक असावा. सभा सातलाच सुरू होत असल्याने त्यांस साडेआठपर्यंत अवकाश मिळतो आणि कोणाचेही काही अडत नाही. चौथे, प्रत्येकास महिन्यातून दोन दिवस कारण न सांगता गैरहजर राहण्याची मुभा, मात्र आदल्या दिवशी कॅलेंडरात तशी नोंद करण्याच्या अटीवर. कारण विचारण्याचा शिरस्ता एकदा पडला की सवलत मागणारा अर्जदार होतो आणि ती देणारा मामलेदार.

पाचवे कलम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच सर्वांत आधी मोडते : जो साडेआठपर्यंत बसतो त्याचा दिवस तितक्याच उशिरा सुरू व्हावा. पुण्यात या चमूची कोणतीही सभा दुपारी बाराच्या आत लावली जाऊ नये, असे त्यात स्वच्छ लिहावे. केवळ 'उशिरा आले तरी चालेल' असे म्हणून भागत नाही, कारण एखादा स्थानिक अधिकारी दहाचे स्टँडअप चालूच ठेवतो आणि मग मंडळी दहाला येऊन साडेआठला उठतात. हे कलम मोडत आहे की नाही ते तक्रारींवरून कळत नाही, कारण तक्रार कोणी करीत नाही; पुण्याच्या माणसांचा दिवसातील पहिला निरोप कितीला पडतो आणि शेवटचा कितीला, एवढे चार आठवडे पाहिले म्हणजे पुरे. त्या दोहोंतील अंतर सातत्याने दहा तासांच्या वर राहत असेल, तर आपला ठराव वेळ वाचवीत नसून पुण्याच्या माणसांची सायंकाळ खर्ची घालीत आहे, असे खुशाल समजावे.

बर्लिनचे काय, असे कोणी विचारील. वर्षाच्या कोणत्याही ऋतूत त्यांचे सामाईक तास दुपारीच येतात. त्यांच्या वाट्यास गैरसोय अशी काही नाही. म्हणून सभेत जे ठरले त्याची लेखी नोंद त्याच दिवशी करण्याचे काम मी बर्लिनकडे सोपवीन : त्यांचा दिवस सभेनंतरही शिल्लक असतो, पुण्याचा संपत आलेला असतो, आणि न्यूयॉर्क हिवाळ्यात लवकर उठून आपला वाटा देतच असते. गैरसोय समान वाटता येत नाही, पण श्रमांची फिरवाफिरव करून तिची भरपाई करता येते. सहा आठवड्यांनी फेरविचार करावा, आणि त्यानंतर नोव्हेंबरच्या व एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दोन्हीकडचे काटे हलून स्थिरावल्यानंतर, एकेकदा.

एक मर्यादा मात्र आताच सांगून ठेवतो, कारण पत्रलेखिकेच्या चमूत लवकरच सान फ्रान्सिस्कोचा एकजण दाखल होणार आहे. पुण्याचे साडेसहा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे सहा आणि हिवाळ्यात पाच. या ठरावास कितीही सवलती जोडल्या तरी तो त्या माणसास लागू करता येणार नाही, आणि करूही नये. चारही गावांचे एक सामाईक पटांगण शोधण्याचा हट्ट सोडून त्याची जोडी न्यूयॉर्कशी बांधावी, आणि पुण्याशी त्याचा व्यवहार लेखी टिपणावर चालवावा. ते टिपण कसे लिहावे, हा जो विषय आज मागे पडला, तो पुढील आठवड्यात याच सान फ्रान्सिस्कोच्या गृहस्थास समोर ठेवून घेऊ. तोवर वाचकांनी आपापल्या पुनरावृत्त नोंदी उघडून त्यांत टाइमझोन कोणता लिहिला आहे आणि तो कोणी लिहिला, एवढे पाहून ठेवावे. मार्च उजाडल्यावर ते पाहण्यात अर्थ नाही.