गुलाबी सीरमची नोंद

रात्रीचे 2 वाजून 35 मिनिटं. एका रुग्णालयाच्या पुरुष वॉर्डातून लॅबच्या खिडकीवर दोन ट्यूब येतात. जांभळ्या टोपणाची हिमोग्रामसाठी आणि पिवळ्या टोपणाची सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन व एलडीएचसाठी. रुग्ण 62 वर्षांचा, मूत्रपिंडाचा जुना आजार. तंत्रज्ञ पिवळी ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढतो, तर वर आलेलं सीरम नेहमीसारखं फिकट पिवळं नसून डाळिंबाच्या रसासारखं गुलाबी असतं. यंत्र मात्र आपलं काम करतं आणि आकडा देतं: पोटॅशियम 6.8.

हा आकडा खरा असेल तर हृदयाला धोका आहे, उपचार लगेच करायला हवेत. खोटा असेल तर त्याच उपचारांनी पोटॅशियम नको तेवढं खाली जाईल.

गुलाबी रंगाचं कारण तांबड्या पेशी फुटणं, म्हणजे हिमोलिसिस. या पेशींच्या आत पोटॅशियम सीरमपेक्षा वीस-पंचवीस पट असतं आणि एलडीएच तर त्याहून कितीतरी जास्त. पेशी फुटल्या की आतला माल सीरममध्ये सांडतो आणि हे दोन्ही आकडे फुगतात. सोडियम आणि क्रिएटिनिन यांना त्याचा फारसा धक्का बसत नाही. जांभळी ट्यूब वेगळी असते, ती वेगळीच तपासावी लागते. म्हणून ‘सॅम्पल रिजेक्ट’ हा शब्दच अर्धवट आहे. बहुतेक वेळा ट्यूब नाकारली जात नाही, त्या ट्यूबवरच्या ठरावीक चाचण्या नाकारल्या जातात. कोणत्या, हे नोंदीत आलंच पाहिजे.

आता समजा, तंत्रज्ञानं लॅबच्या संगणक प्रणालीत, म्हणजे एलआयएसमध्ये, एवढंच टाकलं: ‘हिमोलाइज्ड. वॉर्डला कळवलं.’ सकाळी 8 वाजता डॉक्टर रिपोर्ट उघडतात. पोटॅशियमसमोर रिकामी जागा. चाचणी सांगितलीच नव्हती, की अजून चालू आहे, की नाकारली? वॉर्डातल्या सिस्टरची ड्यूटी बदललेली. ‘मला कुणी काही सांगितलं नाही,’ हे त्यांचं म्हणणंही खरंच. तंत्रज्ञ घरी जाऊन झोपलेला. पहाटे दुसरं रक्त घेतलं की नाही, हे शोधायला तीन फोन करावे लागतात.

पुरी नोंद कशी असते? पडद्यावर ती बहुधा इंग्रजीत असते; मराठीत सांगायचं तर साधारण अशी:

```
रुग्ण: नाव + रुग्ण क्रमांक    बारकोड: जुना
नमुना: सीरम, पिवळी ट्यूब
घेतला 02:10 (कोणी)   लॅबमध्ये 02:35 (कोणी)
नाकारल्या: पोटॅशियम, एलडीएच
कारण: हिमोलिसिस, इंडेक्स 3+   नाकारलं 03:08 (कोणी)
कळवलं: 03:10, नाव व हुद्दा, परत वाचून घेतलं
पुढे: नवं रक्त मागवलं; जुनी ट्यूब फ्रिजमध्ये
नवा बारकोड: जोडला
```

यातली ‘कळवलं’ ही ओळ सगळ्यात जास्त वेळा अर्धी राहते. फोनवरचं बोलणं खरं तर अर्ध्या मिनिटाचं असतं. ‘सिस्टर, लॅबमधून बोलतोय. कॉट नंबर 14चं पोटॅशियम देता येत नाही, रक्त फुटलंय. परत घ्यावं लागेल. शिरेतून नवीन टोचून घ्या, सलाइनच्या कॅन्युलातून नको.’ ‘बरं दादा.’ ‘एकदा परत सांगता का?’ सिस्टर रुग्णाचं नाव, चाचणी आणि काय करायचं ते परत सांगतात. मग तंत्रज्ञ त्यांचं नाव विचारून वेळेसकट नोंदवतो. ‘वॉर्डला’ कळवलं असं लिहिलं, तर निरोप भिंतीला सांगितल्यासारखाच. फोन लागला नाही तर तेही लिहायचं: किती वाजता केला, पुढे कुणाला गाठलं.

कारणाच्या ओळीत दोन गोष्टी हव्यात. एक, यादीतून निवडलेलं ठरलेलं कारण; दुसरी, प्रत्यक्ष काय दिसलं ते. अनेक यंत्रं सीरमच्या रंगावरून हिमोलिसिस इंडेक्स मोजतात, तोच आकडा टाकायचा. ‘सॅम्पल खराब’ या शब्दांत काहीच कळत नाही. प्रणाली एकमेकींशी बोलतात त्या एचएल7 या मानकातही कारणांचे कोड आहेत: हिमोलिसिससाठी RH, गुठळीसाठी RC, रक्त कमी पडलं तर QS. यादीत ‘इतर’ हा पर्याय असतो. घाईत सगळेच तो दाबू लागले की महिन्याअखेरीस मोजायला काही उरत नाही.

पहाटे 3:40 ला दुसरी ट्यूब येते, या वेळी सीरम स्वच्छ, पोटॅशियम 4.6. इथे एक चूक सर्रास होते. नवी ट्यूब जुन्याच बारकोडवर चालवली जाते. मग रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ 02:10 छापली जाते, प्रत्यक्षात ते 3:25 चं असतं. मधल्या काळात एखादं औषध दिलं असेल, तर डॉक्टर त्याचा परिणाम उलटा वाचतील. म्हणून नव्या ट्यूबला नवा क्रमांक आणि दोन्ही क्रमांकांत दुवा.

या दुव्याचा आणखी एक उपयोग आहे. दुसऱ्या ट्यूबचं सीरमही गुलाबीच निघालं तर? तेव्हा दोष सुईचा नसून रुग्णाच्या शरीरातच पेशी फुटत असण्याची शक्यता असते. तसं असेल तर ते निदान आहे, आणि डॉक्टरांना ताबडतोब कळवायला हवं. पण दोन नोंदी सुट्या राहिल्या, तर प्रत्येक पाळीतला तंत्रज्ञ आपल्यापुरतं एकेक सॅम्पल नाकारत राहतो.

आणि तो 6.8? तो रिपोर्टवर जाऊ द्यायचा नाही, पण पुसायचाही नाही. प्रणालीच्या आतल्या इतिहासात तो राहतो. कुणी, केव्हा अडवला तेही. यासाठी प्रत्येकानं स्वतःच्या लॉगिननं काम करायला हवं. संध्याकाळच्या माणसाचं लॉगिन रात्रभर उघडं राहिलं, तर घरी झोपलेल्या माणसानं 03:08 ला सॅम्पल नाकारल्याचं दिसतं.

काही नमुने मात्र परत मागता येत नाहीत. पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी, शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा. अशा वेळी दोष असूनही चाचणी करावी लागते. भारतात एनएबीएल ज्या आयएसओ 15189 या मानकानुसार प्रयोगशाळांना मान्यता देतं, त्यात अशा नमुन्याचा दोष काय आणि निकाल कसा जपून वाचावा, हे अंतिम रिपोर्टवर सांगणं सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या क्लिया नियमांनुसार निकषांत न बसलेल्या नमुन्याची अवस्था आणि त्याचं पुढे काय केलं, हे नोंदीतही असावं लागतं आणि रिपोर्टवरही.

महिन्याअखेर लॅबप्रमुख या नोंदी काढतात. समजा, हिमोलिसिसचे बरेच नमुने पुरुष वॉर्डातले आणि रात्रीचे निघाले. एवढ्यावरून दोष कुणाला द्यायचा नसतो. त्या वॉर्डातून एकूण नमुने किती आले, हेही पाहावं लागतं. नोंदीत रक्त घेणाऱ्याचं नाव असेल तर त्याला विचारता येतं, आणि उत्तर बहुधा साधं असतं: बारीक कॅन्युलातून सिरिंजनं जोर लावून रक्त ओढलं आणि मग दट्ट्या दाबून ट्यूबमध्ये सोडलं. पेशी तिथेच फुटल्या. हे दाखवून द्यायला वॉर्डात पाच मिनिटं पुरतात. पण कोणत्या वॉर्डात आणि कोणत्या पाळीला जायचं, हे त्या आठ ओळींखेरीज कळत नाही.