नवा ई-मेल, नवं कार्ड, माणूस तोच

समजा, व्हिडिओला सबटायटल लावून देणारी एक ऑनलाइन सेवा आहे. पहिले १४ दिवस फुकट, पुढे महिना ४९९ रुपये. एकानं १ जूनला खातं उघडलं, १४ तारखेपर्यंत भरपूर काम करून घेतलं आणि मुदत संपताच ते सोडून दिलं. १५ तारखेला सकाळी नवं खातं आलं. ई-मेल वेगळा, नाव वेगळं, कार्ड दुसऱ्या बँकेचं. हा तोच माणूस आहे का, हे सेवा चालवणाऱ्यांना कसं कळतं?

सुरुवात ई-मेलपासून होते, कारण ते सगळ्यात सोपं. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही आणि अधिक चिन्हानंतरचा मजकूरही सोडून देतं. त्यामुळे खालचे दोन्ही पत्ते एकाच पेटीत पोचतात:

```
na.mu.na.khate+june@gmail.com
namunakhate@gmail.com
```

म्हणून पत्ता नोंदवताना त्याचं असं साफ केलेलं रूप वेगळ्या रकान्यात ठेवतात आणि तुलना त्या रूपाशी करतात. पत्र मात्र मूळ पत्त्यावरच पाठवायचं. हा नियम सरसकट लावून चालत नाही. कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवर टिंबामुळे पत्ता बदलतो, आणि तिथे टिंब काढलं तर दोन सहकारी एकच माणूस ठरतील. शिवाय नवी पेटी उघडायला दोन मिनिटं पुरतात, त्यामुळे या चाळणीत फक्त आळशी लोकच अडकतात.

कार्ड बदलणं त्याहून जड, पण अशक्य नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याच्याकडे राहतो तो टोकन, आणि त्याच कार्डाला दर वेळी तोच टोकन मिळेल असं धरून चालता येत नाही. यासाठी कार्ड नेटवर्क पीएआर नावाची २९ अक्षरांची खूण देतात. तिनं पैसे काढता येत नाहीत, पण एका कार्डाचे सगळे टोकन त्या एकाच खुणेखाली येतात. पेमेंट गेटवे ती पुढे पाठवत असेल, तर जुनं कार्ड नव्या नावानं आलं तरी ओळखू येतं. मात्र ज्याच्याकडे दोन बँकांची कार्डं आहेत, किंवा जो अॅपमधून दर वेळी नवं व्हर्च्युअल कार्ड काढतो, त्याच्या प्रत्येक नंबरला वेगळी खूण मिळते. आपल्या उदाहरणातल्या माणसानं नेमकं हेच केलं आहे.

आता उरतात त्याच्या फोन-लॅपटॉपच्या खुणा. आयपी पत्ता जुळला म्हणजे चोर सापडला, असं नवख्याला वाटतं. पण मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक आयपीमागे शेकडो ग्राहक बसवतात, आणि अख्खं हॉस्टेल एकाच वायफायवर असतं. ब्राउझरची ठेवण जास्त बोलकी असते: स्क्रीनचा आकार, बसवलेले फॉण्ट, ग्राफिक कार्ड चित्र कसं काढतं, टाइम झोन. कुकी पुसली किंवा प्रायव्हेट विंडो उघडली तरी यातलं बरंचसं तसंच राहतं.

पण ‘बोलकी’ म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय कळत नाही. १९६९ मध्ये फेलेगी आणि सन्टर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे ठरवायची रीत मांडली. तिचा गाभा असा: खूण जुळली एवढं पुरेसं नाही, ती योगायोगानं किती वेळा जुळली असती ते मोजा. समजा, सेवेकडे १ लाख जुनी खाती आहेत आणि आपल्या माणसाच्या ब्राउझरची ठेवण दर ५०० खात्यांत एकाची असते. म्हणजे त्याच्याशी काही संबंध नसलेली २०० खातीही जुळणारच. या २०० पैकी किती खात्यांची ट्रायल कालच संपली? रोज सुमारे २५० ट्रायल संपत असतील, तर हे प्रमाण ४०० मागे एक. २०० भागिले ४००, म्हणजे योगायोगानं अर्धं खातं. दोन साध्या खुणांनी लाखावरून एवढ्यावर आणलं, तरीही कोणाला अडवावं इतकी खात्री अजून नाही. आणि टाइम झोन ब्राउझरच्या ठेवणीत आधीच धरला असेल, तर तो पुन्हा वेगळा मोजायचा नाही. मोजला तर एकच पुरावा दोनदा धरला जातो.

खात्री देते ती चौथी गोष्ट: माणूस ज्यासाठी आला ते काम. ई-मेल, कार्ड, ब्राउझर सगळं बदलता येतं, पण मालिकेचा सातवा भाग अर्धवट राहिलेला असतो आणि तो पुरा करायलाच तो परत आलेला असतो. नव्या खात्यात तो पात्रांच्या आणि गावांच्या ६३ नावांची शब्दसूची चढवतो. तीच यादी, त्याच क्रमानं, त्याच दोन चुकांसह जुन्या खात्यात आहे. आवाजाच्या पहिल्या २० सेकंदांत तेच शीर्षकसंगीत आहे. अशा फायलींचा हॅश काढून ठेवला, की मजकूर न उघडताही याद्यांची तुलना होते. संगीताची ओळख मात्र हॅशनं पटत नाही, तिथे आवाजाचा ठसा काढावा लागतो.

इथे एक खरी अडचण येते. एकाच निर्मितीसंस्थेत दोघी जणी सबटायटल लावत असतील, तर त्यांची यादी आणि संगीत एकच असणार, कदाचित वायफायही. त्यांना वेगळं ओळखायला तारखा पाहायच्या. दोन सहकाऱ्यांची खाती शेजारी शेजारी चालतात, एकाच दुपारी दोन्हीकडे काम होतं. फुकट्याची खाती एकापुढे एक लागतात: एक थांबतं त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुढचं सुरू होतं, आणि दोन्हींत एकाच वेळी काम कधी दिसत नाही. आपल्या उदाहरणात १४ ला जुनं थांबलं, १५ ला नवं सुरू झालं.

खाती एकमेकांना जोडतानाही जपावं लागतं. अ आणि ब ब्राउझरनं, ब आणि क हॉस्टेलच्या आयपीनं, क आणि ड कुटुंबाच्या कार्डानं, असं जोडत गेलं तर महिन्याभरात हजारो अनोळखी लोक एकाच ‘माणसात’ जमा होतात. एखादा गट अचानक फुगला, की कुठल्यातरी कच्च्या खुणेला धाग्याचा मान मिळाला आहे असं समजावं. म्हणून गट बांधायला फक्त पक्क्या खुणा वापरतात. आयपीसारखी कच्ची खूण आधीच्या संशयाला थोडं वजन देते, नवं नातं जोडत नाही.

नोंदणीच्या क्षणी हातात कच्च्या खुणाच असतात, पक्की खूण पहिली फाइल आल्यावर मिळते. म्हणून ट्रायल नोंदणीला न देता पहिली फाइल चढल्यावर द्यावी. फाइल तपासायला काही सेकंद पुरतात, खर्चिक काम त्यानंतर सुरू होतं. संशय पक्का असेल तर खातं बंद करायचं नाही आणि आरोपही करायचा नाही. ‘या खात्यासाठी मोफत मुदत उपलब्ध नाही, ४९९ रुपये भरून सुरू करता येईल’ एवढंच सांगायचं, आणि चूक वाटली तर कळवायची सोय ठेवायची. कुठल्या खुणेवरून ओळखलं, हे सांगायचं नाही.

आपली यंत्रणा किती चुकते, हे तक्रारींवरून कळत नाही, कारण अडवलेले प्रामाणिक लोक बहुधा मुकाट्यानं निघून जातात. त्यासाठी संशयितांपैकी शंभरातल्या पाच जणांना चिठ्ठी टाकून निवडायचं आणि मुद्दाम ट्रायल द्यायची. मुदत संपल्यावर त्यांच्यातले जर इतर नव्या ग्राहकांइतक्याच प्रमाणात पैसे भरत असतील, तर आपण फुकटे नव्हे, गिऱ्हाइकं अडवत होतो. ते जवळपास कोणीच भरत नसतील आणि पंधराव्या दिवशी तीच शब्दसूची पुन्हा येत असेल, तर नेम बरोबर आहे. दर वेळी नवा फोन, नवं कार्ड आणि सर्वस्वी नवं काम घेऊन येणारा मात्र यातून सुटतो. पण एवढा खटाटोप ४९९ रुपयांहून महाग पडतो, म्हणून त्याच्यामागे लागण्यात अर्थ नसतो.