निळी ज्योत पिवळी का पडते?

पातेल्याचं बूड काळं पडायला लागलं की बहुतेक घरांत आधी ‘या वेळचा सिलिंडरच खराब आला’ असं म्हणतात. पण दोष बहुधा शेगडीत असतो, आणि कुठे आहे तेही घरच्या घरी बरंच कळतं. त्यासाठी आधी एकच गोष्ट बघायची: ज्योत एकाच बर्नरची पिवळी आहे की सगळ्यांची?

घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. तो पुरता जळायला त्याच्या आकारमानाच्या पंचवीसपटींहून जास्त हवा लागते. जेट म्हणजे पितळेचा बारीक छिद्राचा स्क्रू. त्यातून गॅस जोरात बाहेर पडतो आणि जाता जाता शेजारच्या झरोक्यातून हवा ओढून घेतो. दोन्ही मिक्सिंग ट्यूबमध्ये मिसळतात आणि बर्नरच्या छिद्रांवर पेटतात. उरलेली हवा ज्योत आजूबाजूने घेते. हवा कमी पडली की कार्बन पूर्ण जळत नाही. त्याचे तापून लाल-पिवळे झालेले कण म्हणजे ती पिवळी ज्योत, आणि तेच भांड्याला काजळी होऊन चिकटतात. अशा जळण्यातून कार्बन मोनॉक्साईडही तयार होतो. त्याला वास नसतो, म्हणून खिडकी उघडी हवीच.

समजा, दोन बर्नरच्या शेगडीवर डाव्या बाजूला दूध उतू गेलं आणि तेव्हापासून तीच ज्योत पिवळी येते. उजवीकडची निळीच आहे. म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी निर्दोष आहेत, कारण ती दोन्हीकडे सामाईक आहेत. रेग्युलेटर बंद करून शेगडी गार होऊ द्यावी आणि दोन्ही बर्नर एकाच मापाचे असतील तर त्यांच्या पितळी टोप्यांची अदलाबदल करावी. पिवळेपणा टोपीबरोबर उजवीकडे गेला, तर दोष टोपीच्या छिद्रांत. तो डावीकडेच राहिला, तर तो खाली ट्यूबमध्ये किंवा जेटमध्ये आहे.

टोपी साफ करणं सोपं आहे. चिंचेच्या कोमट पाण्यात भिजवून ब्रशने घासावी, छिद्रं टाचणीने मोकळी करावी आणि पूर्ण वाळवूनच बसवावी. ट्यूबमध्ये कधी कोळ्याचं जाळं, कधी पिठाची धूळ अडकलेली असते. तिथे बाटली धुण्याचा बारीक ब्रश चालतो.

जेटला मात्र टाचणी लावू नये. छिद्र जेमतेम मिलिमीटरच्या आतबाहेरचं असतं. अर्धवट तुंबलेल्या जेटची धार वाकडी होते, ट्यूबच्या भिंतीवर आपटते आणि हवा कमी ओढते. ज्योत लहान आणि पिवळी होते. पण टाचणीने मऊ पितळेचं छिद्र दहा टक्के जरी रुंदावलं, तरी गॅसची वाट एकवीस टक्क्यांनी वाढते. हवेचा झरोका तेवढाच राहतो, त्यामुळे ज्योत मोठी होते आणि आधीपेक्षा जास्त काजळी धरते. जेट तुंबला तर मेकॅनिककडून बदलून घेणं बरं, कारण तो बसवल्यावर गळतीही तपासावी लागते. पाइपगॅसच्या घरातली शेगडी सिलिंडरवर जोडली तरी असंच होतं: तिचे जेट मोठ्या छिद्राचे असतात, कारण पाइपातल्या मिथेनला मुळात हवा बरीच कमी लागते.

काही शेगड्यांत ट्यूबच्या तोंडाशी हवेची फिरती चकती असते, अनेकींत नसते. असेल तर ज्योत मोठी ठेवून चकती हळूहळू उघडावी. पिवळी टोकं गेली की थांबावं. ज्योत टोपीपासून उचलली जाऊन फरफर आवाज करू लागली, तर हवा जास्त झाली. थोडी मिटवून घ्यावी. सफाईआधी मात्र चकतीला हात लावू नये, कारण तुंबलेल्या ट्यूबवर केलेली जुळणी ट्यूब मोकळी होताच चुकीची ठरते.

आता दुसरी शक्यता. सगळेच बर्नर मलूल, ज्योत बुटकी आणि सुस्त. अशा वेळी दाब कमी आहे असं समजावं. रेग्युलेटरमधून गॅस साधारण 30 मिलिबार दाबाने यायला हवा. नळी दुमडली आहे का, रेग्युलेटरची चावी पूर्ण फिरली आहे का, हे आधी पाहावं. सिलिंडर संपत आला की प्रोपेन आधीच उडून गेलेला असतो आणि मागे ब्यूटेन जास्त उरतो. तो थंडीत हळू वाफ होतो, म्हणून शेवटी ज्योत मंदावते. सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा करणं धोक्याचं आहे. भरलेल्या सिलिंडरवरही ज्योत तशीच राहिली, तर रेग्युलेटर वितरकाकडून बदलून घ्यावा. तो उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही.

केशरी ठिणग्यांनी मात्र घाबरू नये. भाजीचं मीठ ज्योतीत पडलं की सोडियममुळे ती केशरी दिसते. फरक बूड सांगतं: स्वच्छ पातेल्यात पाणी उकळावं. मिठाची ज्योत काजळी धरत नाही, हवेविना जळणारी धरते.